अनुदानाच्या अंदाजपत्रकात रक्कम जीएसटीसह की जीएसटीशिवाय?

संस्थेचे प्रस्ताव परत येतात ते बहुतेक वेळा काम वाईट म्हणून नव्हे, तर रकमेपुढे 'लागू कर अतिरिक्त' असं लिहिलेलं असतं म्हणून. अतिरिक्त म्हणजे किती आणि तो भरणार कोण, हे तपासणाऱ्याला कळत नाही. मंजुरी मात्र लिहिलेल्या आकड्यालाच मिळते. बिल आल्यावर वरचा कर संस्थेच्या खिशातून जातो.

ठरवायचं एकाच प्रश्नावर: भरलेला जीएसटी तुम्हाला इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणून वळता करून घेता येतो का? संस्थेची जीएसटी नोंदणी नसेल तर येत नाही, म्हणजे कर हा तुमचा खर्चच. तेव्हा रक्कम करासह दाखवा. नोंदणी असली तरी हुरळून जाऊ नका. ज्या वस्तू फुकट सेवेसाठी वापरणार, त्यांवर क्रेडिट मिळत नाही. जिथे मिळतं तिथे मात्र रक्कम करावेगळी दाखवा. तोच कर अनुदानातूनही घेतलात तर ऑडिटमध्ये दुहेरी वसुली निघते.

उदाहरणार्थ, नोंदणी नसलेलं एक मोफत वाचनालय. १० संगणक, प्रत्येकी ४०,००० अधिक १८ टक्के; पुस्तकं १,००,०००; ग्रंथपालाचा वर्षाचा पगार १,४४,०००. संगणकांचा कर ७२,००० होतो, म्हणून एकूण ७,१६,०००. करावेगळे लिहिले तर ६,४४,०००, आणि ७२,००० कमी पडतात. काही जण शेवटी सगळ्या बेरजेवर १८ टक्के चढवतात आणि ७,५९,९२० मागतात. छापील पुस्तकं करमुक्त, पगारावर जीएसटी नाहीच. हे जास्तीचे ४३,९२० पाहिले की तपासणारा बाकीच्या आकड्यांवरही संशय घेतो, आणि त्याचं चुकतही नाही.

दरपत्रकात एकच रक्कम असेल तर दुकानदाराला 'करासह की करावेगळी' हे लेखी विचारा. करासह ४,७२,००० असतील तर कर काढताना त्यांना १८ ने गुणून ११८ ने भागा, ७२,००० येतात. थेट १८ टक्के काढले तर ८४,९६० येतात, ही चूक मी सगळ्यात जास्त पाहिली आहे. दुकानदार कंपोझिशन योजनेत असेल तर तो कर वेगळा लावू शकत नाही. त्याच्या दरावर तुम्ही चढवू नका.

तक्त्यात चार रकाने पुरतात: मूळ किंमत, जीएसटी दर, जीएसटी रक्कम, जीएसटीसह एकूण. क्रेडिट मिळत नसेल तर मागणीची रक्कम शेवटच्या रकान्यातली, मिळत असेल तर पहिल्या, हे शीर्षकातच लिहा. पगारापुढे रकाना रिकामा न ठेवता 'लागू नाही' लिहा. रिकामी जागा म्हणजे विसरलात असंच धरलं जातं.

सोबत दुकानदाराचा जीएसटी क्रमांक आणि कराचा दर असलेलं दरपत्रक जोडा. नोंदणी नसेल तर तसं आणि क्रेडिट घेत नसल्याचं लेटरहेडवर स्वयंघोषणापत्र द्या. नोंदणी असेल तर प्रमाणपत्र आणि कोणत्या बाबींवर क्रेडिट घेणार याची सीएंच्या सहीची यादी. ही यादी आयत्या वेळी मिळत नाही. मार्चअखेरीस तर सीए फोनही उचलत नाहीत.