सोडियम-मीठ रूपांतर

पाकीटबंद खाद्यपदार्थाच्या लेबलवर मिलिग्रॅममध्ये दिलेल्या सोडियमवरून मिठाचे ग्रॅम काढण्याची रीत. भारतीय लेबलवर पोषण माहितीच्या तक्त्यात १०० ग्रॅम वा १०० मिलिलिटरमागे ‘सोडियम’ असते, ‘मीठ’ नसते. युरोपीय संघात मात्र मीठच छापावे लागते. त्यामुळे दोन देशांतली पाकिटे शेजारी ठेवली की आकडे जुळत नाहीत.

रूपांतराचा गुणक २.५ की २.५४, याबाबत एकवाक्यता नाही. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. त्याचा रेणुभार ५८.४४ आणि त्यातील सोडियमचा भार २२.९९, म्हणजे एक ग्रॅम मिठात सुमारे ३९३ मिलिग्रॅम सोडियम. त्यावरून गुणक २.५४ येतो. युरोपीय संघाच्या २०११ च्या नियमाने तो २.५ धरला. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा, दिवसाला २००० मिलिग्रॅमहून कमी सोडियम म्हणजे ५ ग्रॅमहून कमी मीठ, हीसुद्धा २.५ शीच जुळते, २.५४ ने ५.०८ ग्रॅम येतात. एवढा फरक घरच्या हिशेबात नगण्य असल्याने २.५ च सोयीचा.

गुणकापेक्षा नाजूक प्रश्न असा की, हे ‘मीठ’ खरोखर मीठच असते का? खाण्याच्या सोड्यात वजनाच्या सुमारे २७ टक्के सोडियम असते. म्हणजे एक ग्रॅम सोडा हिशेबात ०.७ ग्रॅम मिठाएवढा भरतो, चवीला खारट नसला तरी. पापडखार, अजिनोमोटो, सोडियम बेंझोएट यांचेही सोडियम त्याच आकड्यात येते. युरोपात मीठ न घातलेल्या दुधाच्या डब्यावरही सुमारे ०.१ ग्रॅम मीठ छापलेले दिसते, ते दुधातील नैसर्गिक सोडियमपोटी. म्हणून ‘मीठ-सममूल्य’ हा शब्द अधिक नेमका.

उदाहरणादाखल, २०० ग्रॅम शेवेच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम आणि एक वाढप ३० ग्रॅम, असे समजू. वाढपात २४० मिलिग्रॅम सोडियम येते. त्याला २.५ ने गुणून हजाराने भागले की ०.६ ग्रॅम मीठ, म्हणजे दिवसाच्या ५ ग्रॅममधले १२ टक्के. भारतीय लेबलवरील वाढपामागची टक्केवारीही २००० मिलिग्रॅम सोडियम धरूनच काढलेली असते. पण चहाबरोबर अर्धे पाकीट संपले, तर तेच २ ग्रॅम मीठ आणि ४० टक्के होते. (३० ग्रॅमवर हात आवरणारा विरळाच.)

सोडियमच्या मिलिग्रॅमला हजाराने भागून येणारा आकडा मीठ समजणे ही नेहमीची चूक. त्यात मीठ अडीचपट कमी दिसते. उलट, मर्यादेचे ५ ग्रॅम सोडियमचे समजले, तर चालेल तेवढे मीठ १२.५ ग्रॅमपर्यंत फुगते. नूडल्सच्या पाकिटात आकडा मसाल्याच्या पुडीसह आहे की नाही, हेही पाहावे लागते.