स्पष्ट नकारानंतरही पाठलाग सुरू राहिल्यास: नकाराची लेखी नोंद, पुरावे आणि पोलीस ठाण्यातील तक्रार

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये पाठलागाचा गुन्हा सांगितला आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम 354 ड मध्ये होता. स्त्रीने स्पष्टपणे अनिच्छा दर्शवल्यानंतरही एखादा पुरुष तिच्या मागे लागून जवळीक वाढवण्यासाठी वारंवार संपर्क करत असेल किंवा तसा प्रयत्न करत असेल, तर तो या कलमाखाली येतो. तिचा इंटरनेट, ईमेल इत्यादींचा वापर चोरून पाहणे हाही त्याच कलमातील गुन्हा आहे. हे कलम पुरुषाने स्त्रीला दिलेल्या त्रासापुरतेच आहे. तक्रारदार अठरा वर्षांखालील असल्यास पॉक्सो कायद्याचा विचार आधी करावा लागतो.

नवी पेठ आणि सदाशिव पेठेतील अभ्यासिकांमध्ये बसणाऱ्या मुलींचे तक्रार अर्ज गेली काही वर्षे मी वाचून देत आहे. बहुतेक अर्ज एकाच ठिकाणी अडतात. त्यांत ओळख कशी झाली, तो काय म्हणाला, घरच्यांना किती मनस्ताप झाला, हे चार पाने लिहिलेले असते. परंतु नकार कोणत्या तारखेला आणि कोणत्या शब्दांत दिला, हे कुठेच सापडत नाही. कलमाचा सगळा भार "स्पष्ट अनिच्छा" आणि "वारंवार" या दोन शब्दांवर आहे. नकारापूर्वीच्या घटना केवळ पार्श्वभूमी ठरतात आणि गुन्हा उभा राहतो तो नकारानंतरच्या घटनांवर.

नकार लेखीच असावा अशी कायद्याची अट नाही. तोंडी नकार किंवा सरळ उठून निघून जाणेही अनिच्छाच दर्शवते. पण "ती नाही म्हणालीच नव्हती" या उत्तरापुढे तोंडी नकार सिद्ध करणे जड जाते. म्हणून, तसे करणे सुरक्षित वाटत असेल तर, एकदाच आणि तो ज्या माध्यमातून संपर्क करतो त्याच माध्यमातून लेखी नकार पाठवावा. टपालाने पाठवू नये, कारण नोंद होणाऱ्या टपालाच्या पाकिटावर पाठवणारीचा पत्ता लिहावा लागतो.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने पाठवलेला पहिला मेसेज असा होता: "सॉरी, आत्ता परीक्षा आहे, मला या सगळ्यात पडायचं नाही, आपण मित्रच राहू." तिच्या मनात हा नकारच होता, पण वाचणाऱ्याला त्यात तीन वाटा मोकळ्या दिसतात: परीक्षा संपेल, "आत्ता" उलटून जाईल आणि मैत्रीच्या नावाखाली बोलणे चालू ठेवता येईल. पुढे त्याने नेमके तेच केले. नंतर तिने जो मजकूर पाठवला, तो असा:

"तुझा प्रस्ताव मला मान्य नाही आणि माझा निर्णय बदलणार नाही. यापुढे मला फोन किंवा मेसेज करू नकोस, कोणाहाती निरोप पाठवू नकोस, आणि अभ्यासिकेत किंवा मी राहते तिथे मला भेटायला येऊ नकोस."

यात कारण नाही, क्षमायाचना नाही आणि धमकीही नाही. कारण दिले की ते खोडून काढायला तो पुन्हा बोलतो, आणि शिवीगाळ केली तर तोच मेसेज पुढे तिच्याविरुद्ध दाखवला जातो. "कोणाहाती निरोप" हे शब्द मुद्दाम घातले होते, कारण ब्लॉक केल्यावर सामाईक मित्रांमार्फत निरोप येऊ लागतात. मेसेज गेल्यावर तिने तो दाबून धरून "मेसेज माहिती" उघडली आणि तो कधी पोहोचला, कधी वाचला गेला, याचा स्क्रीनशॉट घेतला. त्याचे "मी वाट बघेन" हे उत्तर तर निळ्या खुणांपेक्षाही भक्कम पुरावा ठरले, कारण नकार त्याला समजला होता हे त्याच्याच शब्दांत आले. यानंतर तिने एकाही मेसेजला उत्तर दिले नाही. "एकदा समोरासमोर बोलून विषय संपवते" म्हणून भेटायला गेल्याने गुन्हा नाहीसा होत नाही, पण आरोपीच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो.

स्क्रीनशॉटमध्ये दोन चुका हमखास होतात. व्हॉट्सॲपवर त्याच दिवशी काढलेल्या चित्रात तारखेच्या जागी "आज" असे दिसते, त्यामुळे तो मेसेज कोणत्या दिवसाचा हे कळतच नाही. तेव्हा एक चित्र लगेच काढावे, कारण पाठवणारा मेसेज पुसू शकतो, आणि आठवडा उलटल्यावर तारीख दिसू लागली की दुसरे काढावे. दुसरी चूक म्हणजे वर नुसते "नको उचलू" असे सेव्ह केलेले नाव असते. संपर्काचे पान उघडून पूर्ण नंबर दिसेल असे वेगळे चित्र घ्यावे. संपूर्ण संभाषण एक्सपोर्ट करून स्वतःला ईमेल करावे आणि आपोआप पुसले जाणारे मेसेज बंद करावेत.

सोबत एक साधी वही ठेवावी. त्या विद्यार्थिनीच्या वहीत एका नोंदीत तारीख, "रात्री 8.40, अभ्यासिकेच्या जिन्याखाली उभा होता, हाक मारली, मी थांबले नाही, मैत्रीण सोबत होती" एवढेच होते. "खूप घाबरवलं" अशा वाक्यापेक्षा वेळ, जागा आणि साक्षीदार अधिक उपयोगी पडतात. सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांत पुसले जाते. म्हणून अभ्यासिकेच्या चालकाकडे ते जपून ठेवण्याचा लेखी अर्ज त्याच दिवशी द्यावा, मग चित्रण पोलीस मागवून घेऊ शकतात.

कोणाकडेच नसलेला कागद म्हणजे भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63(4) खालचे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र. त्याचे दोन भाग असतात, एक फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. ते न्यायालयात पुरावा दाखल करताना लागते. तक्रार नोंदवण्यासाठी त्याची अट नाही, तरीही ते आणा म्हणून मुलींना परत पाठवले गेलेले मी पाहिले आहे, आणि प्रत्येक वेळी संताप येतो. स्वतःच्या बाजूने काळजी एकच घ्यावी: मूळ फोन विकू नये, एक्स्चेंजमध्ये देऊ नये आणि रीसेट करू नये.

तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. हिंजवडी पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येते आणि कोथरूड पुणे शहरात, या कारणावरून नोंद नाकारता येत नाही. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो पुढे पाठवता येतो. या कलमाखाली माहिती देणारी पीडित स्त्री असल्यास ती माहिती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते. ऑनलाइन माहिती पाठवल्यास 3 दिवसांच्या आत सही करावी लागते. पुष्कळ जणी ऑनलाइन तक्रार केली म्हणजे काम झाले असे समजून सही करायला जातच नाहीत.

ठाण्यात सर्वांत जास्त फसगत होते ती "एनसी घेतो" या वाक्याने. पाठलागाचा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणून अदखलपात्र नोंद पुरेशी नाही. मिळालेल्या कागदावर कलम आणि गुन्हा रजिस्टर क्रमांक आहे का, हे तिथेच वाचावे. प्रथम खबरीची प्रत विनामूल्य मिळते. नोंद नाकारल्यास अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यावी आणि त्याचा मजकूर पोलीस उपायुक्तांना टपालाने पाठवावा; तेथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

पहिल्या दोषसिद्धीला 3 वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी शिक्षा असून त्या टप्प्यावर गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे तो बाहेर येणार हे धरूनच चालावे. वही त्या दिवशी बंद करू नये; जामिनानंतरचा प्रत्येक संपर्क गुन्हा रजिस्टर क्रमांक लिहून तपास अधिकाऱ्याकडे लेखी द्यावा आणि त्या अर्जाचीही पोच घ्यावी.