ब्राह्ममुहूर्तावर उठणं आणि ज्याचं त्याचं घड्याळ

ब्राह्ममुहूर्तावर उठणं म्हणजे सूर्य उगवायच्या साधारण दीड तास आधी अंथरूण सोडणं. ही आपल्याकडची खूप जुनी शिस्त आहे आणि घराघरात ती दोनच वाक्यांत शिकवली जाते, एक म्हणजे "लवकर निजे लवकर उठे" आणि दुसरं म्हणजे "उठ, दहा वाजले!" (तेव्हा वाजलेले असतात साडेसात). जो उठत नाही तो सूर्यवंशी, आळशी, त्याचं पुढे काही होणार नाही वगैरे. काहींना मात्र हे खरंच जमत नाही आणि त्यात आळसाचा संबंध फार कमी असतो, या नोंदीत मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे.

आधी वेळेचा घोळ मिटवू, कारण बरेच लोक ब्राह्ममुहूर्त म्हणजे पहाटेचे ४ असं धरून वर्षभर तोच अलार्म लावतात. मूळ हिशोब घड्याळाच्या काट्याचा नाहीच. सूर्यास्त ते सूर्योदय एवढ्या रात्रीचे १५ सारखे भाग करायचे, एक भाग म्हणजे एक मुहूर्त, त्यातला चौदावा तो ब्राह्ममुहूर्त. दिवसरात्र सारखे असतील तर मुहूर्त ४८ मिनिटांचा, म्हणून सूर्योदयाआधी ९६ मिनिटं हा आकडा सगळीकडे फिरतो. पण रात्र लहानमोठी होते तसा मुहूर्तही होतो. मुंबईचं बघा, जूनच्या सुरुवातीला सूर्य ६ च्या सुमारास उगवतो, रात्र पावणेअकरा तासांची, म्हणजे मुहूर्त ४३ मिनिटांचा आणि ब्राह्ममुहूर्त लागतो साधारण ४:३५ ला. जानेवारीच्या मध्यावर सूर्योदय सव्वासातला, रात्र जवळजवळ १३ तासांची, मुहूर्त ५२ मिनिटांचा, तेव्हा तो लागतो थेट साडेपाचला. म्हणजे एकाच गावात तासाभराचा फरक. थंडीत ४ ला उठून अंघोळ करणारा माणूस शास्त्राच्या हिशोबाने दीड तास आधीच उठलेला असतो, त्याला कोणी सांगत नाही एवढंच.

आता ग्रंथात काय आहे ते. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात दिनचर्येची सुरुवातच "ब्राह्मे मुहूर्त उत्तिष्ठेत्स्वस्थो रक्षार्थमायुषः" अशी आहे, आयुष्याच्या रक्षणासाठी स्वस्थ माणसाने ब्राह्ममुहूर्तावर उठावं. सगळे 'उठावं' वर जोर देतात आणि 'स्वस्थ' हा शब्द गिळून टाकतात. अष्टांगसंग्रहात तर रात्रीचं जेवण पचलंय की नाही ते बघून उठायला सांगितलंय. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची ओळ अष्टांगहृदयातच पुढे झोपेच्या भागात येते, सवय नसताना रात्री जागरण झालं तर जेवढं जागलात त्याच्या निम्मा वेळ सकाळी काही न खाता झोपून घ्यावं. म्हणजे १ ला झोपलास तरी ४:३० ला उठलंच पाहिजे हा कडकपणा तिथे नाहीये, तो नंतर वसतिगृहांनी आणि वडीलधाऱ्यांनी आणलेला.

आमच्या वसतिगृहात (नाव नको) ४:४५ ला घंटा व्हायची आणि ५:१५ ला प्रार्थना, रात्री १० ला दिवे बंद. माझा रूम पार्टनर दिवे जायच्या आधीच घोरायला लागायचा आणि घंटेच्या पाच मिनिटं आधी आपणहून उठून बादली घेऊन नंबर लावायचा, सरांचा लाडका. मी १० ला आडवा व्हायचो आणि साडेबारापर्यंत छताकडे बघत पडायचो, मोबाइल वगैरे काही नव्हता हो, नुसता जागा. मग चार-सव्वाचार तास झोप, घंटा, आणि प्रार्थनेला खांबाला टेकून उभं राहायचं, ओठ हलवत. नऊ-साडेनऊपर्यंत डोक्यात कापूस भरल्यासारखं व्हायचं, पहिल्या दोन तासांच्या वह्यांत वाक्यं अर्ध्यावर सुटलेली आहेत आणि पेनाची रेघ खाली घसरत गेलेली आहे. रात्री ९ नंतर मात्र मी एकदम तरतरीत. दोन वर्षं हे चाललं, सवय होईल असं सगळे सांगत होते, ती झाली नाही.

का झाली नाही ते शरीराच्या घड्याळात आहे. मेंदूत डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या बरोबर वर पेशींचा एक बारीकसा पुंजका असतो, तो झोप, शरीराचं तापमान आणि मेलाटोनिन या संप्रेरकाची रोजची लय चालवतो. त्याचा स्वतःचा दिवस बहुतेक माणसांत २४ तासांपेक्षा थोडा मोठा असतो, सरासरी २४ तास आणि दहाबारा मिनिटं, म्हणजे प्रकाश मिळाला नाही तर ते रोज थोडं मागे पडत जातं आणि रोजचा प्रकाश त्याला परत जागेवर आणतो. हे घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं त्या शोधाला २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. कोणाचं घड्याळ पुढे आणि कोणाचं मागे हे बऱ्यापैकी जन्मजात असतं, काही कुटुंबांत एकाच जनुकातल्या बदलामुळे माणसं संध्याकाळी साडेसातलाच पेंगतात तर काहींत दुसऱ्या जनुकामुळे रात्री उशिरापर्यंत झोपच येत नाही. बाकी आपण सगळे या दोन टोकांच्या मधे कुठेतरी.

आपलं घड्याळ कुठे आहे ते ओळखायचं तर सुट्टीतली झोप बघायची, पण पहिल्या तीनचार दिवसांची नाही कारण तेव्हा नुसती थकबाकी वसूल होत असते. त्यानंतर अलार्म न लावता कधी झोप लागते आणि कधी जाग येते ते लिहून ठेवायचं आणि त्याचा मध्य काढायचा. माझं सुट्टीत दीडला झोपून साडेनऊला उठणं व्हायचं, म्हणजे मध्य ५:३०. पार्टनर घरी गेला तरी साडेनऊ ते पाच, मध्य सव्वा एक. एकाच खोलीत दोन माणसं आणि सव्वाचार तासांचं अंतर! शरीराचं तापमान नेहमीच्या उठायच्या वेळेच्या साधारण दोन-अडीच तास आधी सगळ्यात खाली जातं, त्याचं अडीचला जात असणार आणि माझं सातला. तापमान तळाला असताना किंवा त्याच्या आसपास उठवलं की झोपेची गुंगी जास्त वेळ टिकते. ४:४५ ची घंटा त्याच्यासाठी खरोखर सकाळ होती, माझ्यासाठी ती मध्यरात्र होती. आणि १० ला झोप न लागणं हेही त्यातच येतं, नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास शरीर उलट जास्त जागं असतं, कितीही थकलेलं असलं तरी.

आता खरी गंमत. सकाळचा प्रकाश घ्या म्हणजे घड्याळ पुढे सरकतं असं आपण सगळीकडे वाचतो, ते बरोबर आहे पण अर्धंच. तापमानाच्या त्या तळानंतर डोळ्यावर प्रकाश पडला तर घड्याळ अलीकडे येतं, म्हणजे झोप लवकर येऊ लागते. तळाच्या आधी पडला तर तोच प्रकाश घड्याळाला आणखी उशिराकडे ढकलतो, कारण मेंदूला वाटतं अजून संध्याकाळच चालू आहे. म्हणजे ज्याचा तळ सातला आहे त्याला पावणेपाचला उठवून ट्यूबलाइटखाली बसवलं तर पार्टनरला जो फायदा होतो त्याच्या उलटं याला होऊ शकतं. ट्यूबलाइटचा धक्का उन्हाएवढा मोठा नसतो हे खरं, पण दिशा चुकीची ती चुकीचीच. वर रविवारी हा माणूस उरलेली झोप काढायला अकरापर्यंत झोपणार, म्हणजे तळानंतरचा कामाचा प्रकाश त्याच दिवशी बुडाला. सोमवारी परत पहिल्यापासून.

झोप कापली जाते ती कुठून हेही बघा. रात्रीच्या सुरुवातीला गाढ झोप जास्त असते आणि शेवटच्या तिसऱ्या भागात स्वप्नांची झोप जास्त, त्यामुळे पहाटेचे दोन तास तोडले की मुख्यतः स्वप्नांची झोप जाते, सगळ्यातून थोडी थोडी जात नाही.

मग उशिरा झोपणाऱ्याने उठूच नये का, तर तसं नाही, सरकवता येतं पण उलट्या बाजूने धरून. आपली जी नैसर्गिक जाग आहे तिथून सुरुवात, समजा साडेनऊ, तर पहिले तीन दिवस सव्वानऊला उठून लगेच बाहेर उजेडात अर्धा तास, मग नऊला, असं पंधरा-पंधरा मिनिटांनी. तापमानाचा तळही त्याबरोबर अलीकडे येतो म्हणून सकाळचा प्रकाश कायम त्याच्या योग्य बाजूला पडतो. झोपायच्या आधीचे दोन तास घरातले दिवे मंद, आणि सुट्टीच्या दिवशी तासाभरापेक्षा जास्त लोळायचं नाही, नाहीतर आठवड्याची कमाई एका रविवारात जाते. या गतीने साडेनऊवरून साडेसहाला यायला महिना-सव्वा महिना लागतो. एका रात्रीत ४:३० नाही. अष्टांगहृदयातही अंगवळणी पडलेली वाईट सवय एकदम न सोडता पाव-पाव भागाने सोडायला सांगितलीय, तो सल्ला इथे चपखल बसतो.

यालाही मर्यादा आहे. काही जण सहा-साडेसहाला स्थिरावतात आणि त्याच्या पलीकडे त्यांचं घड्याळ हलत नाही. पहाटे ४:३० ला उठायचं आणि सात-साडेसात तास झोप हवी तर रात्री ९ ला झोप लागलेली पाहिजे, नुसतं आडवं होऊन चालत नाही. दिवेलागणीनंतर तासादोन तासांत जेवणं उरकून अंधार व्हायचा तेव्हा हे जमत होतं, पहाट ही त्या संध्याकाळचीच दुसरी बाजू होती. साडेनऊच्या लोकलने घरी पोचणाऱ्याला ते कुठून जमणार. महिने न् महिने प्रयत्न करूनही तीनच्या आधी झोप येत नसेल आणि कामाचं नुकसान होत असेल तर तो झोपेच्या वेळेचा आजार असू शकतो, तिथे झोपेच्या डॉक्टरांना दाखवायचं, मेलाटोनिनच्या गोळ्या आपल्या मनाने घ्यायच्या नाहीत कारण त्याही चुकीच्या वेळी घेतल्या तर घड्याळ उलटं सरकवतात.

वयाचाही हिशोब आहे. लहान मुलं लवकर उठतात, वयात आल्यावर घड्याळ उशिराकडे सरकत जातं आणि विशीच्या आसपास ते सगळ्यात मागे असतं, मग हळूहळू परत अलीकडे येतं, म्हणून आजोबा चारला उठून खुडबुड करतात आणि नातू आठला उठत नाही, दोघंही आपापल्या घड्याळाप्रमाणे बरोबर. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं, कारण मुलांची झोप पूर्ण होत नाही. चांगलंच झालं, पण वयाचा आलेख बघितला तर सकाळी ७ ची शाळा सगळ्यात जड जाते ती आठवी ते बारावीच्या मुलांना, आणि ती त्या आदेशात नाहीत.