बाहेरच्या भागीदाराकडे इतिवृत्त पाठवणे व मुदतीत दुरुस्त्या मागवणे

दोन स्वतंत्र संस्थांची संयुक्त बैठक झाल्यावर त्यांतील एकीने बैठकीचे इतिवृत्त लिहून दुसरीकडे पाठवणे, त्यात काही चुकले वा राहिले असल्यास ठरलेल्या तारखेपर्यंत कळवण्यास सांगणे आणि त्यानंतर ते कायम करणे, अशी ही कामकाजाची पद्धत आहे. खानदेशात ती मुख्यतः शेतकरी उत्पादक कंपन्या आणि त्यांचा माल घेणारे निर्यातदार, प्रक्रिया उद्योग किंवा निविष्ठा पुरवठादार यांच्यात दिसते. रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात हंगामाआधी अशा बैठका बहुधा पॅक हाऊसवरच होतात. सहकारी संस्थांत वाढलेली माणसे इतिवृत्ताला अजूनही ‘प्रोसिडिंग’ म्हणतात. या पद्धतीत होणाऱ्या घोटाळ्याचे एक मूळ या सवयीतही आहे, कारण संस्थेच्या स्वतःच्या प्रोसिडिंगचे नियम बाहेरच्या माणसाला लागू होत नाहीत.

उत्पादक कंपनीच्या संचालक मंडळाचे इतिवृत्त 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 118 खाली येते. कंपनी सचिवांच्या राष्ट्रीय संस्थेने संचालक मंडळाच्या बैठकांसाठी सचिवीय मानक केले आहे. त्यानुसार बैठकीनंतर 15 दिवसांत मसुदा संचालकांना पाठवायचा, त्यांनी 7 दिवसांत लेखी अभिप्राय द्यायचा, आणि एखाद्या संचालकाने काहीच कळवले नाही तर त्याला मसुदा मान्य आहे असे धरायचे. घरातल्या कामासाठी हा नियम सोयीचा आहे. सचिव किंवा सीईओ तोच साचा उचलून निर्यातदाराला लिहितो, ‘7 दिवसांत उत्तर न आल्यास मान्य समजले जाईल’. संचालकाला ते बंधन मानकामुळे आहे. निर्यातदाराने मात्र असे कोणतेही मानक पत्करलेले नसते.

भारतीय करार कायद्यात (1872) प्रस्ताव स्वीकारणाऱ्याने संमती कळवावी लागते. प्रस्ताव मांडणाऱ्याने ‘गप्प राहिलास तर हो समजेन’ असे एकतर्फी लिहून समोरच्यावर बोलण्याची सक्ती करता येत नाही. 1862 च्या फेल्टहाऊस विरुद्ध बिंडली या इंग्लिश खटल्यापासून हे तत्त्व सांगितले जाते. जर्मनीत व्यापारी रिवाज वेगळा आहे: तिथे बोलणी झाल्यावर आलेल्या पुष्टीपत्राला व्यापाऱ्याने तातडीने हरकत घेतली नाही, तर त्यातला मजकूर सहसा त्याला बांधतो. आपल्याकडे मुदतीतले मौन हा फार तर पुरावा ठरतो. बैठक झाली, हा कागद तेव्हाच समोर गेला, कोणी हरकत घेतली नाही आणि पुढे त्याबरहुकूम माल उचलला गेला, एवढे त्यावरून दाखवता येते. त्यातही शेवटच्या गोष्टीचे, म्हणजे वागणुकीचे वजन सगळ्यात जास्त. म्हणून ज्या मुद्द्यात पैसा, वजन किंवा जबाबदारी बदलते, त्यावर मौन पुरेसे न मानता एका ओळीचे लेखी ‘मान्य’ मागावे. बाकीच्या मुद्द्यांना मुदत पुरते.

याची दुसरी बाजू फारशी कोणी लक्षात घेत नाही. इतिवृत्त लिहिणाऱ्याचे शब्द समोरच्यापेक्षा लिहिणाऱ्यालाच आधी अडकवतात, कारण ते त्याचे स्वतःचे लेखी कथन असते आणि वादात कबुलीसारखे त्याच्याच पुढे ठेवले जाते. ‘कंपनी रोज एक कंटेनर माल देईल’ असे उत्साहात लिहून टाकणारा सचिव निर्यातदाराचे काम सोपे करतो.

पद्धत प्रत्यक्षात कशी चालते हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. रावेर तालुक्यातील एक उत्पादक कंपनी आणि मुंबईचा एक निर्यातदार यांची बैठक मंगळवारी, 10 फेब्रुवारीला झाली. निर्यातदाराकडून खरेदी व्यवस्थापक आणि गुणवत्ता पर्यवेक्षक आले होते. सचिवाने गुरुवारी, 12 तारखेला मसुदा पाठवला. दोन दिवसांत पाठवणे बरे, कारण आठवडा उलटला की प्रत्येकाला आपल्या सोयीचे आठवू लागते. पुढचा गुरुवार 19 तारखेचा, शिवजयंतीच्या सुट्टीचा, म्हणून मुदत शुक्रवारपर्यंत नेली. सोबतचे पत्र एवढेच होते:

‘10 फेब्रुवारीच्या बैठकीच्या इतिवृत्ताचा मसुदा सोबत जोडला आहे. बैठकीत जे बोलले गेले ते नोंदवण्यात काही चूक वा उणीव असल्यास शुक्रवार, 20 फेब्रुवारी, सायंकाळी 5 वाजेपर्यंत याच ई-मेलला उत्तर देऊन, मुद्दा क्रमांकासह कळवावे. मुद्दा 2 व 4 बाबत आपली लेखी संमती अपेक्षित आहे. इतर मुद्द्यांवर तोपर्यंत काही न आल्यास मसुदा आहे तसा कायम करून प्रत पाठवू. या इतिवृत्ताने आपल्यातील करारात कोणताही बदल होत नाही.’

पत्रात ‘7 दिवसांत’ असे न लिहिता वार, तारीख आणि तास दिला आहे. दिवस पाठवल्यापासून मोजायचे की मिळाल्यापासून, पहिला दिवस धरायचा की नाही, रविवार मोजायचा का, हे सगळे वाद त्यामुळे मिटतात. मुदत किती द्यावी याला कायदा नाही. पाच ते सात कामाचे दिवस दोन्ही बाजूंना झेपतात, पण आखाजी किंवा पोळ्याच्या आठवड्यात मसुदा पाठवून चार दिवसांची मुदत देणे म्हणजे उत्तर नको असल्यासारखेच आहे. पत्रातले शेवटचे वाक्यही गरजेचे आहे. बऱ्याच करारांत ‘दोन्ही बाजूंच्या सहीनेच बदल’ असे कलम असते, आणि तसे नसले तरी इतिवृत्ताच्या आडून करार बदलला असा आरोप कोणालाच परवडत नाही.

निर्यातदाराचे उत्तर 18 तारखेला आले. त्यात तीन ‘दुरुस्त्या’ होत्या, आणि तिन्ही एका जातीच्या नव्हत्या.

पहिली केळीच्या घडांवर चढवायच्या स्कर्टिंग बॅगांची. मसुद्यात ‘निर्यातदार घडांसाठी बॅगा पुरवेल’ असे होते. निर्यातदाराचे म्हणणे, ‘निम्मा खर्च देण्याचा विचार करू, एवढेच आम्ही म्हणालो होतो’. सचिवाच्या वहीतल्या कच्च्या टिपणातही तसेच सापडले. ही खरी दुरुस्ती, ती जशीच्या तशी घेतली.

दुसरी खोक्याच्या वजनाची. मसुद्यात खोक्याचे निव्वळ वजन 13 किलो होते. निर्यातदाराने लिहिले की भरणा 13.5 किलोचा आणि बिल 13 चे, असे ठरले होते. प्रवासात केळीतले पाणी कमी होते, त्याची भरपाई म्हणून खोक्यात थोडे जास्त भरण्याची मागणी या धंद्यात नवी नाही. पण 1540 खोक्यांच्या कंटेनरमध्ये अर्ध्या किलोचे 770 किलो होतात. किलोला 20 रुपये धरले तरी एका कंटेनरमागे 15,400 रुपये, आणि ते शेतकऱ्याच्या खिशातून जातात. सचिवाने हजर असलेल्या तिघांना विचारले. पर्यवेक्षकाने हे बोलून दाखवले होते, पण कंपनीकडून कोणी होकार दिला नव्हता. म्हणजे मसुदा अपुरा होता आणि दुरुस्तीही चुकीची होती. सुधारित नोंद अशी झाली: ‘निर्यातदाराने 13.5 किलो भरणा व 13 किलो बिल अशी मागणी मांडली. कंपनीने 13 किलोचा आग्रह धरला. निर्णय झाला नाही.’ वादाचा मुद्दा वाद म्हणूनच लिहिता येतो, आणि दोघांनाही तो पटतो.

तिसरी दुरुस्ती भावाची. रावेरच्या भावाऐवजी बऱ्हाणपूरच्या भावावर हिशेब करावा, असे वाक्य निर्यातदाराला घालून हवे होते. बैठकीत हा विषय निघालाच नव्हता. असली ‘दुरुस्ती’ म्हणजे बैठकीनंतर आलेला विचार, अर्थात नवा प्रस्ताव. तो वाईट असतो असे नाही, पण त्याची जागा इतिवृत्तात नाही. सचिवाने उत्तरात लिहिले की हा मुद्दा बैठकीत झाला नसल्याने नोंदवता येत नाही, मात्र 18 तारखेचे पत्र मिळाले आहे आणि पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत तो घेत आहोत. आलेल्या दुरुस्तीपुढे सचिवाने एकच प्रश्न ठेवायचा: त्या दिवशी हे बोलले गेले होते का? व्हायला हवे होते का, हा प्रश्न पुढच्या बैठकीचा.

सुधारित प्रत 23 तारखेला गेली. बदललेली वाक्ये अधोरेखित होती आणि माथ्यावर ‘मसुदा 2’ व तारीख होती. पहिला मसुदा खोडून त्याच नावाची फाईल पुन्हा पाठवणे ही सर्रास होणारी चूक. महिन्याभराने दोन बाजूंकडे एकाच नावाचे दोन कागद निघतात आणि कोणता खरा हे ठरवताना मूळ वाद बाजूला पडतो.

पाठवण्याच्या मार्गाबद्दलही थोडे. खानदेशात वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून ‘पाहून घ्या’ म्हणण्याची रीत आहे. तिथे आलेल्या अंगठ्याच्या खुणेचा अर्थ वाचले, मिळाले की मान्य, हे नंतर कोणी सांगू शकत नाही. निळ्या टिकांनी पाहिल्याचे कळते, संमतीचे नाही. पीडीएफ ई-मेलने पाठवून व्हॉट्सॲपवर फक्त ‘ई-मेल पाठवला आहे, मुदत शुक्रवार 5 वाजेपर्यंत’ एवढे कळवणे चांगले. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या (2000) कलम 13 प्रमाणे, समोरच्याने संदेशांसाठी जो पत्ता नेमून दिला असेल त्या यंत्रणेत संदेश शिरला की तो मिळाला असे धरले जाते. म्हणून हा पत्ता बैठकीतच विचारून इतिवृत्ताच्या पहिल्या मुद्द्यात लिहून ठेवतात. पोच कशी द्यायची हे ठरले नसेल तर कलम 12 प्रमाणे कोणत्याही उत्तराने किंवा वागणुकीने पोच होऊ शकते. ती पोच संदेश मिळाल्याची असते, मजकूर पटल्याची नव्हे.

मसुदा कोणाला जातो हेही पाहावे लागते. बैठकीला आलेला गुणवत्ता पर्यवेक्षक मनमिळाऊ असेल आणि लगेच ‘ओके सर’ लिहीलही, पण वजन वा भाव मान्य करण्याचा अधिकार त्याला बहुधा नसतो. हजर असलेल्या सगळ्यांना प्रत द्यावी आणि संमती मागावी ती करारावर सही करणाऱ्याकडे. त्याचा ई-मेल माहीत नसेल, तर मसुदा पाठवण्यापूर्वी एक फोन करणे भाग आहे.

मुदत संपल्यावर आलेली हरकत फेकून देता येत नाही. निर्यातदाराने 27 तारखेला लिहिले असते, तर कायम प्रत न बदलता त्याचे पत्र तिच्यामागे जोडायचे, मिळाल्याची तारीख टाकायची आणि पुढच्या बैठकीत पहिल्याच मुद्द्यात त्याची नोंद घ्यायची. मात्र उशिराच्या पत्राने नोंदीतली ढोबळ चूक दिसली, उदाहरणार्थ तारीख वा आकडा सरळच चुकला असेल, तर मुदतीवर बोट ठेवण्यात अर्थ नाही. दोन्ही बाजूंना दिनांकित शुद्धिपत्र पाठवतात. कायम इतिवृत्त, दोन्ही मसुदे, आलेली उत्तरे आणि सचिवाची कच्ची टिपणे एका फाईलमध्ये राहतात. ती फाईल संचालक मंडळाच्या इतिवृत्त पुस्तकापासून वेगळी ठेवायची असते. मंडळाने संयुक्त बैठकीची फक्त दखल घेतल्याचा ठराव त्या पुस्तकात येतो.