बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल: सुरुवात कोणत्या वयात?

चाळिशी उलटली की सगळं एकदा तपासून घेऊ, असं म्हणणारे घरोघरी असतात. मग कधीतरी लॅबचं ‘फुल बॉडी’ पॅकेज घेतलं जातं, भलामोठा रिपोर्ट येतो, ठळक छापलेल्या दोन-चार आकड्यांनी दोन दिवस झोप उडते आणि कागद फाइलमध्ये जातो. वास्तविक काहीही त्रास नसलेल्या माणसाने नेमाने बघायचे आकडे मोजकेच असतात. पण त्या सगळ्यांची सुरुवात एकाच वयात होत नाही. बीपी अठराव्या वर्षापासून मोजायचं, कोलेस्टेरॉल विशीच्या आसपास एकदा बघायचं आणि शुगर तिशीपासून. बहुतेकांच्या डोक्यात हा क्रम नेमका उलटा असतो. कोलेस्टेरॉल म्हणजे साठीच्या लोकांची भानगड!

कोलेस्टेरॉल इतक्या लवकर का? कारण एलडीएल, म्हणजे ज्याला आपण ‘वाईट’ कोलेस्टेरॉल म्हणतो ते, रक्तवाहिनीच्या भिंतीत वर्षानुवर्षं थोडं थोडं साठत जातं. आज ते किती आहे यापेक्षा किती वर्षं तेवढं राहिलं याला जास्त महत्त्व असतं. शिवाय साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला ते जन्मतःच जास्त असतं, आईकडून किंवा वडिलांकडून आलेलं. अशा माणसाला पन्नाशीत पहिल्यांदा कळलं तर तीस वर्षं वाया गेलेली असतात. म्हणून विशीतली पहिली लिपिड प्रोफाइल हा आकडा हुडकण्यासाठी असते. एलडीएल १९० च्या वर आलं, तर तेलकट खाणं सोडून भागेल असं समजू नये. भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करून घ्यावी लागते. घरात कुणाला पन्नाशीच्या आत हार्ट अटॅक आला असेल, तर विशीचीही वाट बघू नये. उलट पहिली तपासणी नीट आली आणि बाकी काही धोका नसेल, तर पुढची चार ते सहा वर्षांनी केली तरी चालते. दरवर्षी लिपिड करून घेण्यात लॅबचा फायदा जास्त. त्यासाठी बारा तास उपाशी राहायचीही सहसा गरज नसते. जेवून गेल्यावर ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर आले, तरच उपाशीपोटी पुन्हा बघतात.

बीपीचं तंत्र वेगळं. त्याला सुई लागत नाही, खर्च नाही, आणि वाढलेलं असलं तरी बहुतेकांना काही जाणवत नाही. १८ ते ३९ वयात बीपी चांगलं असेल आणि वजन वगैरे आटोक्यात असेल, तर तीन ते पाच वर्षांनी एकदा मोजलं तरी पुरे असं अमेरिकेतल्या सूचना सांगतात; चाळिशीनंतर दरवर्षी. आपल्याकडे दवाखान्यात कुठल्याही कारणाने गेलात तरी पट्टा बांधून घ्यावा, हे जास्त सोयीचं. घोळ होतो तो मोजण्यात. जिना चढून आलेला माणूस स्टुलावर टेकतो, पाठीला आधार नाही, हात लोंबकळतोय, सिस्टर विचारतायत ‘काय होतंय?’ आणि तो उत्तर देतोय. असा आकडा सहज दहा-पंधराने चढतो. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर ठेवलेला, अर्ध्या तासात चहा-तंबाखू नाही, लघवी तुंबवलेली नाही. मग दोनदा मोजायचं. जाड दंडाला अरुंद पट्टा बांधला तरी आकडा खोटा वाढतो. दवाखान्यात १४०/९० च्या वर आलं, तर सहसा वेगळ्या दिवशी पुन्हा बघून किंवा घरी आठवडाभर मोजूनच निदान होतं. फार जास्त, म्हणजे १८०/११० वगैरे दिसलं, तर मात्र थांबायचं नाही.

आता शुगर. अमेरिकेत सरसकट तपासणी ३५ व्या वर्षी सुरू होते. आपल्या सरकारी कार्यक्रमात ती ३० व्या वर्षी होते. गावात आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात, कंबर मोजतात, ती याच कामासाठी. ही पाच वर्षं का कमी केली, याचं उत्तर पुण्यात सापडतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आत चरबी भरलेली. म्हणूनच आपल्याकडे ‘मी काही जाड नाही’ हे शुगर न तपासण्याचं कारण होऊ शकत नाही, आणि वजनापेक्षा कंबरेचा टेप जास्त खरं बोलतो.

चेन्नईच्या डॉ. मोहन यांच्या संस्थेने भारतीयांसाठी केलेला धोक्याचा हिशेब याच टेपवर उभा आहे. एक उदाहरण घेऊ. नाशिकचा एक ३४ वर्षांचा हिशेबनीस. दिवसभर खुर्चीत, व्यायाम शून्य, कंबर ९४ सेंटीमीटर, वडिलांना डायबेटिस. वय ३५ च्या आत म्हणून ० गुण, पुरुषाची कंबर ९० ते ९९ म्हणून १०, बैठं काम आणि व्यायाम नाही म्हणून ३०, आई-वडिलांपैकी एकाला डायबेटिस म्हणून १०. एकूण ५०, म्हणजे मध्यम धोका. पस्तिसावा वाढदिवस झाला की वयाचे २० मिळून बेरीज ७०, आणि ६० पासून पुढे धोका जास्त. एका रात्रीत त्याच्या शरीरात काहीच बदललेलं नाही, म्हणून वयाची रेघ फार काटेकोर मानू नये. त्याने आजच तपासावं. उपाशीपोटी १०० च्या आत असेल तर पुन्हा तीन वर्षांनी. १०० ते १२५ आली तर दरवर्षी. १२६ किंवा जास्त आली आणि लक्षणं नसतील, तर दुसऱ्या दिवशीच्या नमुन्यावरही तेच आल्याशिवाय डायबेटिसचा शिक्का मारत नाहीत. आरोग्य शिबिरात चहा-बिस्किटानंतर बोटाला टोचून आलेल्या १५२ वरून तर काहीच ठरत नाही. आपल्यातल्या पुष्कळांची उपाशीपोटीची शुगर ठीक असते आणि पहिली वाढते ती जेवणानंतरची, म्हणून वडिलांचा इतिहास असलेल्या या गृहस्थाने ७५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन दोन तासांनीही रक्त दिलेलं बरं.

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी सोपी आहे, पण लोह कमी असलेल्या बाईत ती खोटी जास्त येऊ शकते, आणि सिकलसेल असलेल्यांत तिच्यावर विसंबता येत नाही. नंदुरबार-गडचिरोलीकडे हा मुद्दा पुस्तकी राहत नाही.

बायकांच्या बाबतीत तर शुगरचं वेळापत्रक कधीकधी वयावर चालतच नाही. गरोदरपणात ग्लुकोज पाजून दोन तासांनी घेतलेली शुगर १४० किंवा जास्त निघाली, तर त्या बाईला पुढे डायबेटिस होण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते, मग ती २३ वर्षांची का असेना. बाळंतपणानंतर शुगर बहुधा खाली येते आणि फाइल बंद होते. खरी तपासणी तिथून सुरू व्हायला हवी: सहा आठवड्यांनी पुन्हा ग्लुकोज घेऊन, आणि ती नॉर्मल आली तरी दर एक ते तीन वर्षांनी, कायमची. बाळाच्या दीड महिन्याच्या लसीची तारीख याच सुमाराला येते. त्याच फेरीत आईचंही रक्त द्यावं.