स्पाचा व्यवसाय आराखडा: पहिल्या वर्षाचा अंदाज

नव्या स्पाच्या व्यवसाय आराखड्यात पहिल्या बारा महिन्यांचे उत्पन्न, खर्च आणि दरमहाची उद्दिष्टे आकड्यांत मांडलेली असतात. आराखड्याचा कणा म्हणजे क्षमतेचा हिशेब. महिन्याला जास्तीत जास्त किती सत्रे देता येतील हे ठरल्याशिवाय उत्पन्नाचा अंदाज करता येत नाही.

क्षमता बहुधा खोल्यांवरून मोजली जाते आणि तिथेच पहिली चूक होते. चार खोल्या, रोजचे दहा तास आणि महिन्याचे 26 दिवस धरा. साठ मिनिटांच्या मसाजनंतर चादरी बदलणे, खोली आवरणे आणि पुढच्या ग्राहकाला आत नेणे यात पंधरा मिनिटे जातात. त्यामुळे एका खोलीत दिवसाला आठ आणि महिन्याला एकूण 832 सत्रे बसतात. पण मसाज हे अंगमेहनतीचे काम आहे. एका थेरपिस्टकडून दिवसाला पाचाहून अधिक सत्रे सातत्याने घेतली, तर मनगट आणि अंगठ्याच्या तक्रारी सुरू होतात आणि माणसे सोडून जातात. रोज चार थेरपिस्ट कामावर असतील, तर खरी क्षमता 20 सत्रांची, म्हणजे महिन्याला 520 एवढीच राहते. 832 वर बेतलेला आराखडा सुरुवातीपासूनच फुगलेला असतो.

आता दर. तुलना सोपी व्हावी म्हणून मेनूमधील एका सत्राचा दर 100 एकक मानू. सवलती आणि सभासदांचे दर वजा जाता हातात सरासरी 90 येतात, असे धरू. प्रत्येक सत्रामागे तेल-क्रीमचे 8, टॉवेल-चादरींच्या धुलाईचे 5, थेरपिस्टच्या ठरावीक कमिशनचे 15 आणि कार्ड शुल्काचे 2, असे 30 एकक खर्च होतात. उरलेल्या 60 मधून भाडे, मूळ पगार (मालकाचाही धरून), वीज, विमा, बुकिंग सॉफ्टवेअर आणि जाहिरात भागवायची. मालकाचा पगार वगळून आराखडा छान दिसतो, पण तो खरा नसतो. हा स्थिर खर्च महिन्याला 15,600 असेल, तर ना नफा ना तोटा गाठायला 260 सत्रे लागतात, म्हणजे क्षमतेच्या निम्मी.

पहिल्या महिन्याचे उद्दिष्ट क्षमतेच्या 20 टक्के, म्हणजे 104 सत्रे ठेवून पुढे दरमहा 26 सत्रांची वाढ धरू. सातव्या महिन्यात 260 चा टप्पा येतो आणि बाराव्यात 390 सत्रे, म्हणजे 75 टक्के भरणा होतो. तरीही वर्ष 9,360 एककांच्या तोट्यात संपते. त्याहून महत्त्वाचा आकडा सहाव्या महिनाअखेरचा आहे: तोपर्यंत साचलेला तोटा 32,760 होतो. सजावट, नळकाम, मसाज टेबले आणि उद्घाटनापूर्वीचे भाडे भागवून झाल्यावरही एवढे खेळते भांडवल शिल्लक हवे. कर्जाचे हप्ते यात धरलेले नाहीत. मुद्दलाची परतफेड रोख प्रवाहाच्या तक्त्यात वेगळी मांडावी लागते.

हाच तक्ता वाईट परिस्थितीसाठी पुन्हा मांडावा. पहिले तीन महिने 104 वरच अडकले आणि वाढ चौथ्यापासून सुरू झाली, तर खड्डा 51,480 पर्यंत खोल जातो. बरेच नवे स्पा याच फरकात अडकतात. ग्राहक वाढत असतात, पण पैसे आधी संपतात.

अशा वेळी पहिला मोह मोठ्या सवलतीचा होतो. सरासरी वसुली 90 वरून 72 वर आली, तर सत्रामागे 60 ऐवजी 42 उरतात आणि ना नफा ना तोटा गाठायला 372 सत्रे लागतात. थेरपिस्ट दमतात, खोल्या भरलेल्या दिसतात आणि तोटा चालूच राहतो. म्हणून मासिक उद्दिष्टात सत्रांच्या संख्येशेजारी सरासरी वसुली लिहिलीच पाहिजे. तिसरा आकडा पुन्हा येणाऱ्या ग्राहकांचा. पहिल्या महिन्यात ओळखीचे आणि कुतूहलापोटी आलेले लोक संख्या फुगवतात. त्यांपैकी कितीजण दुसऱ्यांदा आले, हे पाहिल्याशिवाय पुढची वाढ खरी मानू नये.

उद्दिष्टे आठवड्याच्या वारांनुसारही फोडावीत. संध्याकाळ आणि सुट्टीचे दिवस लवकर भरतात, सकाळ रिकामी राहते. त्यामुळे 75 टक्के भरणा हा व्यवहारात बराच वरचा पल्ला आहे.

गिफ्ट व्हाउचर आणि आगाऊ पॅकेज यांची नोंद वेगळी ठेवावी. दुसऱ्या महिन्यात 90 दराने 40 व्हाउचर विकली, तर 3,600 एकक रोख येतात. पण सेवा दिली जाईपर्यंत ते उत्पन्न नसून देणे असते. ते त्याच महिन्याच्या भाड्यात खर्च झाले, तर पुढे ही 40 सत्रे नव्याने पैसे न येता द्यावी लागतात आणि तरीही प्रत्येकी 28 एककांचे तेल, धुलाई आणि कमिशन लागतेच. न वापरलेल्या व्हाउचरांची बाकी दर महिनाअखेरीस बँकेतील शिलकीतून वजा करून पाहिली की हातातला खरा पैसा किती, ते कळते.