न ठरवता जुळलेले भाव : 28 दिवसांच्या रिचार्जची पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एखाद्या मोबाइल रिचार्जच्या दुकानात लावलेला दरफलक नीट वाचला, तर तीन खासगी कंपन्यांचे रकाने एकाच हाताने लिहिल्यासारखे वाटतात. यामागे गुप्त बैठक झाली असणार, हा ग्राहकाचा पहिला संशय असतो. बैठक न होताही असे घडू शकते, हे अर्थशास्त्रात 1960 पासून मांडले गेले आहे.

त्या वर्षी एका अमेरिकी अभ्यासकाने एक कोडे प्रसिद्ध केले. दोघांना न्यूयॉर्कमध्ये भेटायचे आहे, पण जागा आणि वेळ ठरलेली नाही आणि निरोपही पाठवता येत नाही. बऱ्याच जणांनी तिथल्या मोठ्या रेल्वे स्थानकाचे आणि दुपारी बाराचे उत्तर दिले. कोल्हापुरात हेच विचारले, तर अंबाबाईच्या देवळाचे महाद्वार अनेकांच्या तोंडी येईल. ते सर्वांना जवळचे आहे म्हणून नव्हे, तर समोरच्यालाही तेच सुचेल असे वाटते म्हणून. अशा खुणेच्या जागेला ‘फोकल पॉइंट’ म्हणतात.

किमतींच्या बाबतीत खुणेची जागा तयार व्हायची, तर एकमेकांचे भाव दिसावे लागतात. आपल्याकडे कंपन्या दर स्वतः ठरवतात, पण ते दूरसंचार नियामकाला कळवावे लागतात आणि जाहीरही होतात. 2016 मध्ये नवी कंपनी आल्यावर दरयुद्ध पेटले आणि पुढच्या वर्षभरात रोजचा ठरावीक डेटा, अमर्याद कॉल आणि 28 दिवस किंवा त्याच्या पटीतली मुदत हा साचा सगळीकडे रुळला.

नोव्हेंबर 2021 मध्ये एका कंपनीने 22 तारखेला, दुसरीने 23 ला आणि तिसरीने 28 ला दरवाढ जाहीर केली, आणि तिघींकडे 84 दिवसांचा एक पॅक 598-599 रुपयांवरून 719 वर गेला. 27 आणि 28 जून 2024 ला पुन्हा तसेच घडले आणि तिघींचा 719 चा पॅक 859 रुपयांचा झाला. मात्र या 859 रुपयांत एक कंपनी रोज 2 जीबी देत होती आणि उरलेल्या दोघी 1.5 जीबी. खर्च सारखा म्हणून भाव सारखा, हे स्पष्टीकरण इथे अपुरे पडते, कारण माल वेगळा असूनही आकडा तोच राहिला. पहिल्या जाहीर आकड्याने बाकीच्यांसाठी खूण रोवली, असे मला वाटते. अर्थात आकडा कोणता, एवढेच खूण सांगते. तो कोणी फोडत का नाही, याचे उत्तर वेगळे आहे : भाव उतरवला तर प्रतिस्पर्धी लगेच पाहतो आणि उत्तर देतो, त्यामुळे फायदा फार काळ टिकत नाही.

सर्वाधिक वाद झाला तो मुदतीवरून. महिना 30 दिवसांचा आणि पॅक 28 दिवसांचा असल्याने वर्षाला तेरावा रिचार्ज करावा लागतो, या तक्रारीवरून नियामकाने 27 जानेवारी 2022 ला आदेश काढला की प्रत्येक कंपनीने किमान एक पॅक 30 दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नव्याने घेता येईल असा ठेवावा. एका कंपनीने रोज 1.5 जीबीचा महिनाभराचा पॅक 259 रुपयांना आणला. तेवढ्याच डेटाचा तिचा 28 दिवसांचा पॅक 239 ला होता. 239 चे तेरा रिचार्ज 3,107 रुपये होतात आणि 259 चे बारा 3,108. म्हणजे तेरावा रिचार्ज गेला, पण खर्च जागेवरच राहिला.

आदेशाने पर्याय वाढवला, खूण मात्र हलवली नाही. एखाद्या कंपनीने एकटीने 28 चे 30 दिवस जुन्याच भावात केले, तर दररोजचे उत्पन्न सुमारे सात टक्क्यांनी घटते. भाव त्या प्रमाणात वाढवला, तर फलकावर तीच महाग दिसते, कारण ग्राहक दिवसांचा भागाकार न करता शेजारचा आकडा पाहतो. म्हणून एकटीने पुढे जाण्यात कोणालाच लाभ नाही. माझ्या मते नियामकाला तुलना सोपी करायची होती, तर प्रत्येक पॅकवर दर दिवसाचा भाव छापायला लावणे अधिक उपयोगी ठरले असते.

नियमही कधी खूण बनतो, हे इथे विसरता कामा नये. अमेरिकेत 1980 च्या दशकात क्रेडिट कार्डाच्या व्याजावर काही राज्यांत कमाल मर्यादा होती, आणि ग्राहकाच्या रक्षणासाठी घातलेल्या त्या मर्यादेच्याच आकड्यावर बँका जमल्या, असे 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले.

आपल्या 2002 च्या स्पर्धा कायद्यात ‘करार’ याची व्याख्या रुंद आहे. तोंडी समजूत आणि संगनमताने केलेली कृतीही तीत येते. तरीही केवळ भाव सारखे असणे हा पुरेसा पुरावा धरला जात नाही. तपास करणाऱ्याला आपसातले संदेश, जाहीर होण्याआधीच दुसऱ्याच्या दराची माहिती असल्याच्या खुणा किंवा एकटीच्या हिताविरुद्ध जाणारी आणि दुसरे कारण नसलेली कृती शोधावी लागते. पहिलीने दर जाहीर केले आणि दुसरीने ते वाचून आपले बदलले, एवढ्यावर खटला उभा राहत नाही.